‘आपण’ कधी जाणार?

लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने कामशेतला उतरून आत वळले की वडिवळे गाठता येते. धरणाचे पाणी, कडेने भातखाचरे आणि पावसाळ्यात डोंगराच्या खांद्यावर टेकलेले ढग. समजा, या गावचा एक तरुण पुण्यातल्या एका कचेरीत काम करतो. पलीकडच्या टेबलावरच्या सहकारी तरुणीशी त्याचे सहा महिन्यांचे बोलणे आहे आणि ते अजून ‘तुम्ही’वरच आहे. जुलैतल्या एका दुपारी चहा घेताना ती सहज म्हणते, की पावसाळ्यातले तुमचे गाव एकदा पाहायला हवे. तो कप खाली ठेवतो आणि विचारतो, ‘‘मग, आपण वडिवळ्याला कधी जाणार?’’

व्याकरणाच्या दृष्टीने हे एक साधे प्रश्नार्थक वाक्य आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती दोन वाक्ये आहेत. ‘आपण’ हा शब्द मराठीत आदरार्थी द्वितीय पुरुषासाठी येतो: आपण बसा, आपण चहा घेणार का. आणि तोच शब्द बोलणारा व ऐकणारा या दोघांना मिळून येतो: आपण निघू या, आपण चहा घेऊ. सहसा क्रियापदावरून अर्थ उलगडतो. ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही आणि ‘आपण आलो’ म्हणजे आपण दोघे. पण ‘जाणार’ हे रूप पुरुषाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे त्या प्रश्नाचा अर्थ ‘तुम्ही कधी जाणार’ असाही होतो आणि ‘आपण दोघे कधी जाणार’ असाही. विचारणाऱ्याने दोन्ही अर्थ टेबलावर ठेवले आहेत. कोणता उचलायचा हे तिच्यावर सोडले आहे.

ती म्हणू शकते, ‘‘मी पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जाणार आहे. तिथे राहायची सोय होते का?’’ तिने पहिला अर्थ घेतला. प्रश्नाला उत्तर मिळाले, गावची चार माहिती दिली गेली, चहा संपला. कोणी कोणाला काही विचारले नव्हते, म्हणून कोणी कोणाला नाकारलेही नाही. सोमवारी दोघांना पुन्हा शेजारच्या टेबलांवरच बसायचे आहे आणि ते बसणे अवघड झालेले नाही. किंवा ती म्हणू शकते, ‘‘आपण जाऊ तेव्हा पाऊस मात्र हवा.’’ ‘जाऊ’ हे रूप ‘तुम्ही’साठी चालत नाही. त्या एका क्रियापदाने तिने दुसरा अर्थ उचलला आहे, आणि तोही उघड काही न बोलता.

जुन्या वळणाच्या मराठीत प्रेमाचे सूचन कसे होत असे, याचे मर्म या छोट्या प्रसंगात आहे. त्याला आज ‘फ्लर्टिंग’ म्हणतात. ‘लाडीगोडी’ म्हटले तर लहान मुलाची आठवण होते, ‘चाळे’ म्हटले तर आईची. नेमका शब्द मराठीत नाही, याचा अर्थ ती गोष्ट नव्हती असा मात्र नव्हे. ती भाषेच्या आडोशाने होत असे, आणि हा आडोसा मुख्यतः सर्वनामांचा होता.

प्रमाण हिंदीत ही सोय नाही. तिथे ‘आप’ म्हणजे समोरचा आणि ‘हम’ म्हणजे आम्ही किंवा आपण. समोरच्याला धरून असलेला ‘आपण’ आणि त्याला वगळणारा ‘आम्ही’ असा भेद हिंदी करत नाही. मराठी करते. म्हणून मराठीत दोन माणसांमधले अंतर कमी झाल्याची पहिली खूण ‘तू’ ही नसते. ‘आम्ही’चा ‘आपण’ होतो, ही ती खूण. ‘‘आम्ही रविवारी सिंहगडावर जातो’’ असे सांगणारा माणूस एक दिवस ‘‘रविवारी आपण सिंहगडावर’’ म्हणू लागतो, तेव्हा घरातल्या चाणाक्ष मावशीला पुढचे सांगावे लागत नाही. ‘तू’ त्यानंतर कधीतरी येतो, बहुधा चुकून तोंडातून गेल्यासारखा, आणि मग तो परत घेतला जातो की तसाच राहतो याकडे दोघांचे लक्ष असते.

‘आपण’ची व्युत्पत्तीही या कामाला साजेशी आहे. संस्कृत ‘आत्मन्’वरून प्राकृतातून आलेला हा शब्द मुळात ‘स्वतः’ या अर्थाचा. म्हणूनच ‘आपली’ हे रूप तीन ठिकाणी चालते. त्याने आपली छत्री घेतली म्हणजे स्वतःची. साहेब, ही आपली छत्री का, म्हणजे तुमची. आणि ही आपली छत्री म्हणजे आपल्या दोघांची.

या व्याकरणावर शायरीचा साज चढला तो फार्सी-उर्दूच्या शेजारामुळे. मराठीत फार्सी शब्द शतकानुशतके होतेच. पण प्रेमकवितेत फार्सी वृत्ते आणि गझलेची रचना जाणीवपूर्वक आणण्याचे मोठे श्रेय माधव जूलियन यांना, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४-१९३९) यांना जाते. ते फार्सीचे अध्यापक होते. त्यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ साली आला आणि ‘गज्जलांजली’ १९३३ साली. याच गृहस्थांनी पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. ज्याने दार उघडले त्यानेच पुढे कडी लावण्याचा विचार मांडावा, ही आपल्या वाङ्मयेतिहासातली एक गंमत. दार अर्थातच बंद झाले नाही. अमरावतीच्या सुरेश भटांनी (१९३२-२००३) मराठी गझल घराघरांत नेली.

पण ‘शायरीचा बाज असलेले अदबशीर मराठी’ म्हटले की ज्यांची मैफल आठवावी ते यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर (१९०८-१९९७). व्यवसायाने वकील, छंदाने शिकारी. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘जिंदादिल’ ही त्यांची पुस्तके. तरी ही शायरी खरी ऐकायची होती. त्यांच्या बोलण्याच्या रीतीत दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे ते स्वतःला ‘मी’ऐवजी पुष्कळदा ‘आम्ही’ म्हणतात, उर्दूतल्या ‘हम’सारखे. दुसरी म्हणजे प्रेमाची गोष्ट ते प्रेयसीला सांगत नाहीत, समोर बसलेल्या दोस्तांना सांगतात. हा ‘आम्ही’ ऐटबाज वाटतो, पण त्याचा उपयोग ऐटीपुरता नाही. ‘मी झुरतो’ म्हणणारा माणूस केविलवाणा होतो. ‘आम्ही झुरतो’ म्हणणारा स्वतःच्या झुरण्याकडे थोडे लांबून पाहतो, त्यामुळे त्याला त्यावर हसता येते. आणि दोस्तांना उद्देशून बोलल्यामुळे जिच्यासाठी ते बोलले गेले ती व्यक्ती श्रोत्यांत असली, तरी तिच्यावर उत्तराचे ओझे पडत नाही. वाहवा बाकीचे देतात. ती नुसती हसली तरी पुरे, आणि न हसली तरी मैफल चालू राहते.

एक शेर कसा काम करतो हे पाहण्यासाठी नमुन्यादाखल रचलेल्या या दोन ओळी घेऊ. प्रसंग तोच: कचेरी सुटली आहे, बाहेर पाऊस आहे.

लोक म्हणती, विसरभोळे; छत्रि आम्ही विसरतो
आपली छत्री पुरे दोघांस, हे का विसरतो?

पहिली ओळ ही नुसती कबुली आहे. माणूस विसराळू आहे, छत्री घरी राहिली. ती एकदा म्हणून थांबायचे आणि शक्य तर पुन्हा म्हणायची, कारण त्या थांबण्यात ऐकणारा पुढच्या ओळीचा अंदाज बांधू लागतो. दुसरी ओळ अंदाज मोडते: छत्री विसरली, पण एक छत्री दोघांना पुरते हे काही विसरलेले नाही. म्हणजे विसरणे कदाचित हेतुपुरस्सर होते. (पहिल्या ओळीतली ‘छत्रि’ वृत्तासाठी ऱ्हस्व केली आहे, दोन्ही ओळी सव्वीस मात्रांच्या आहेत, आणि अशा कानामात्रेच्या सवलती जुने रसिक डोळेझाक करून देत.) ‘आपली’ तुमची की आपल्या दोघांची, हे इथेही मोकळे ठेवले आहे. शिवाय ‘आम्ही विसरतो’ या रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. ‘मी विसरतो’ आणि ‘मी विसरते’ यांत कळते. हाच शेर तिने त्याला म्हटला तरी एक अक्षर बदलावे लागत नाही.

स्त्रीने अशी थट्टा करणे हे काही उर्दूचे देणे नव्हे. लावणीतली नायिका हे कधीपासून करत आली आहे. ती समोरच्या पुरुषाला ‘पाव्हणं’ म्हणते, ‘अहो-जाहो’ करते, सगळा मान देते आणि त्या मानाच्या आतून त्याची फिरकी घेते. त्या ओळी बहुधा पुरुष शाहिरांनी लिहिलेल्या असत, हे खरे. पण अदब आणि छेड एकाच वाक्यात राहू शकतात हे मराठी कानाला तिथेच कळले.

आता हाच पाऊस आणि हीच कचेरी, पण निरोप मोबाइलवरून. इथे पहिला अडथळा भावनेचा नव्हता, तांत्रिक होता. एसएमएसमध्ये इंग्रजी मुळाक्षरे १६० बसत. देवनागरी लिहिली की मर्यादा ७० वर येई, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला अधिक जागा लागते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणे हे सारे वेगवेगळे मोजले जाते. ‘आपण’ची तीन चिन्हे होतात, पण ‘तुम्ही’ची सहा. वरचा शेर मोजला तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ७८ चिन्हे भरतात. म्हणजे तो एका एसएमएसमध्ये मावत नाही. दोन भागांत गेला तर प्रत्येक भागात ६७ चिन्हे बसतात, कारण उरलेली जागा भाग जोडण्याच्या खुणेला जाते. मग पहिला भाग दुसऱ्या ओळीतल्या ‘हे’ या शब्दापाशी संपतो आणि ‘का विसरतो?’ एवढेच मागाहून येते. जे फोन भाग नीट जोडत नसत त्यांच्यावर तर ते शेपूट आधी पोचण्याचीही धास्ती. शेराचा सगळा जीव क्रमात असतो. तो असा उलटा आला की ते कोडेही राहत नाही.

म्हणून लोकांनी मराठी रोमन लिपीत लिहिले, स्वर गाळले, शब्द आखडले. जागेच्या टंचाईत पहिले गेले ते मानार्थी रूप. मोबाइल हे त्याचे एकमेव कारण नव्हे. महाविद्यालयांत मुलेमुली एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणू लागली होतीच. पण पडद्यावर ‘तू’ हाच नियम झाला. पुढे स्मार्टफोनवर देवनागरी सहज उमटू लागली, मर्यादाही उरली नाही. तोवर सवय पक्की झाली होती. ‘तू’ने अंतर एका झटक्यात मिटवले आणि त्याबरोबर ते हळूहळू मिटवण्याची गंमतही गेली. ‘तुम्ही येता का’ यात स्त्री-पुरुष दिसत नाही. ‘येतेस का’ यात दिसतो. ज्या पडद्याआडून जुनी पिढी बोलत होती तो व्याकरणाचा पडदा सुरुवातीलाच वर जातो.

आमच्या तरुणाने आज शुक्रवारी रात्री लिहिले असते, ‘ए, संडेला वडिवळे? चल ना’. हे वाक्य प्रामाणिक आहे, मोकळे आहे. त्यात कसलीही लबाडी नाही. त्याची अडचण एवढीच, की त्याला हो किंवा नाही यांखेरीज उत्तर नाही. आणि ज्या संभाषणात पडदा नसतो तिथे माणसे तो कुठूनतरी पैदा करतात. मोबाइलवरच्या मराठीने तो शब्दांऐवजी वेळेत शोधला. उत्तर दोन मिनिटांनी आले की दोन तासांनी, याला अर्थ आला. ‘हम्म’ला अर्थ आला. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निरोप वाचल्याची निळी खूण आणली, तेव्हा ‘पाहिलाच नाही’ ही सबब गेली. म्हणून काही जणांनी ती खूण बंद करून टाकली आणि निरोप न उघडता वरूनच वाचण्याची युक्ती इतरांनी शोधली. पाठवलेला निरोप दोघांकडूनही पुसण्याची सोय २०१७ मध्ये आली. पण तिथे ‘निरोप पुसला’ ही नोंद मागे राहते. बोललेला शेर हवेत विरतो; पुसलेल्या निरोपाची पाटी राहते, आणि काय पुसले असेल याचा विचार रात्रभर करता येतो.

मोबाइलवरच्या भाषेतही नजाकत आहे, हे जुन्या वळणाच्या लोकांनी मान्य करायला हवे. ‘जेवलास का?’ हा प्रश्न घ्या. शब्दशः तो आईचा, शेजारणीचा, कोणाचाही प्रश्न आहे. रात्री साडेदहाला, रोज, न चुकता विचारला गेला की तो दुसराच प्रश्न होतो. आणि उत्तर देणाऱ्याला ‘हो, पिठलं-भात’ एवढेच सांगून सुटताही येते. ‘आपण’ जे काम करत होता तेच हा प्रश्न करतो. ‘बघू’ हा दुसरा तसाच शब्द. ‘संडेला वडिवळे?’ या प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर आले, तर त्यात नकाराची सभ्य जागा ठेवलेली असते. गोंधळ होतो तो इथेच. अनेकांना ‘बघू’ हा अर्धा होकार वाटतो आणि ते रविवारपर्यंत पाच वेळा विचारतात. समोरच्याने ठेवलेला आडोसा ओढून काढण्यासारखे ते आहे. जुन्या रीतीतला संकेत स्पष्ट होता: दुहेरी बोलण्यातला साधाच अर्थ समोरून उचलला गेला, की तो विषय संपला. शब्द कितीही गोड असोत, तोच प्रश्न दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला की त्याला छेड काढणे म्हणतात, आणि मग त्यात शायरीही नसते, अदबही नसते.

अदबशीर भाषेचे नकली रूपही असते. एसएमएसच्या भराच्या काळात ‘प्रेमाचे एसएमएस’, ‘शायरीचे एसएमएस’ अशा छोट्या पुस्तिका मिळत. आता तेच मजकूर पुढे ढकलले जातात. असा उसना शेर ओळखणे अवघड नाही. त्यात चंद्र असतो, डोळे असतात, समुद्र असतो. पण त्या दिवशीचे काही नसते. छत्री नसते, चहाचा कप नसतो, तिने दुपारी म्हटलेले वाक्य नसते. तो कोणालाही पाठवता येतो, आणि वाचणाऱ्याला नेमके तेच जाणवते. दुसरी खूण सर्वनामांची. ‘आपल्या दर्शनाने दिल बागबाग झाला’ अशी सुरुवात करून पुढच्याच ओळीत ‘कॉल कर ना’ आले, की पहिली ओळ भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखी दिसते. अदब पेलायची तर ती शेवटच्या क्रियापदापर्यंत पेलावी लागते. आणि चारचौघांत बोलताना ज्याला ती पेलते, त्यालाच ती मोबाइलवर शोभते. नाहीतर नुसता फार्सी शब्दांचा सडा पडतो.

उलट, दोन्ही रीती मिसळून छान चालल्याचेही दिसते. सगळे संभाषण ‘तू’त चालू असताना मध्येच एखादा ‘आपण कुठे होतात एवढा वेळ?’ असे लिहितो. इथे मान देण्याचा हेतू नसतो. जवळीक आधीच आहे, आणि तिला मुद्दाम दोन पावले मागे सारून पुन्हा गाठण्याचा हा खेळ असतो. लग्नाला काही वर्षे झालेली, एकमेकांना नावाने हाक मारणारी आजची जोडपी थट्टेत ‘अहो’ म्हणतात तेही याच जातीचे. आजीच्या तोंडी तो ‘अहो’ नियमाचा होता, नातीच्या तोंडी निवडीचा आहे.

मुंबईच्या रस्त्यावर मात्र या सगळ्याला एक वेगळीच मेख बसते. तिथे ‘आपण’ म्हणजे ‘मी’ असाही अर्थ चालतो: ‘‘आपण नाही घाबरत कोणाला.’’ त्यामुळे वडिवळ्याच्या त्या तरुणाने मुंबईकर मैत्रिणीला ‘आपण रविवारी वडिवळ्याला जाणार’ असे लिहिले, तर ती तीनपैकी कोणता अर्थ घेईल हे सांगता येत नाही: तुम्ही जाणार, आपण दोघे जाणार की मी एकटाच जाणार. समोरासमोर असता तर भुवईने उलगडा झाला असता. पडद्यावर तिला विचारावेच लागते, ‘‘आपण म्हणजे कोण कोण?’’ आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते.